प्रवेश रद्द केला, मूळ दाखले मात्र महाविद्यालयात अडकले



बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधील मुले-मुली हाती लागेल त्या महाविद्यालयात आधी एक प्रवेश घेऊन ठेवतात. पुढच्या फेरीत हवा तो अभ्यासक्रम मिळाला की पहिला प्रवेश रद्द करण्याची वेळ येते. यात गैर काहीच नाही, सर्वच समाजातील मुले असे करतात. अडचण सुरू होते ती महाविद्यालयाच्या खिडकीपाशी. "उरलेली फी भरा, मगच दाखले मिळतील," असे उत्तर ऐकून पालक हादरतात आणि सावकाराकडे किंवा पतपेढीकडे धाव घेतात. दरवर्षी अशी दोन-चार प्रकरणे आमच्यापर्यंत येतात. त्यांतून जे शिकलो, ते या लेखात मांडत आहोत.

सगळ्या लेखाचे सार आधीच सांगून टाकतो. फीचा वाद वेगळा आणि दाखल्यांचा वाद वेगळा. प्रवेश केव्हा रद्द केला यावर महाविद्यालय फीतील काही रक्कम, प्रसंगी सगळी रक्कमसुद्धा, नियमाने ठेवू शकते. परंतु विद्यार्थ्याचा एकही मूळ कागद ते ठेवू शकत नाही, फी बाकी असली तरीही नाही. पालक हे दोन वाद एकत्र करतात आणि तेथेच फसतात, कारण महाविद्यालयालाही ते एकत्र झालेले हवे असतात.

एका मुलाची हकीकत

सन २०२४ मधील ही हकीकत. आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलाने जुलै महिन्यात एका विनाअनुदानित तुकडीत बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. पहिल्या वर्षाची फी ३२,००० रुपये होती. वडिलांनी पहिला हप्ता म्हणून १८,५०० रुपये भरले. प्रवेशाच्या दिवशी कार्यालयाने त्याच्याकडून पाच मूळ कागद घेतले: दहावीची गुणपत्रिका, बारावीची गुणपत्रिका, कनिष्ठ महाविद्यालय सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र. पोच दिली नाही. एका छापील हमीपत्रावर सही मात्र घेतली. त्यात, मध्येच प्रवेश सोडल्यास संपूर्ण फी भरीन आणि तोपर्यंत मूळ कागदपत्रे मागणार नाही, असा मजकूर होता.

ऑगस्टच्या अखेरीस त्याला अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशफेरीत जागा मिळाली. नव्या महाविद्यालयात हजर होण्यास मोजकेच दिवस होते आणि तेथे मूळ कागद दाखवणे आवश्यक होते. मुलगा जुन्या महाविद्यालयात गेला. खिडकीवरील लिपिक म्हणाले, "बाळा, उरलेले साडेतेरा हजार भर आणि दाखले घेऊन जा. हमीपत्रावर तुझीच सही आहे ना?" वडिलांनी त्याच संध्याकाळी कर्जाची चौकशी सुरू केली. रात्री मुलगा अभ्यासिकेत आला आणि गोष्ट आम्हाला कळली.

आम्ही वडिलांना प्रथम एवढेच विचारले, "दादा, जे शिक्षण मुलगा घेणारच नाही, त्याची फी तुम्ही कशासाठी भरता?" त्यांचे उत्तर सरळ होते: "कागदांसाठी." म्हणजे ती फी नव्हतीच, कागद सोडवण्याची खंडणी होती. पैसे न भरता कागद कसे सुटले ते पुढे सांगतो. त्याआधी नियम समजून घेऊ.

नियम काय सांगतो

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००७ सालीच संस्थांना दाखले अडवून न ठेवण्याबद्दल जाहीर सूचना दिली होती. तरीही तक्रारी थांबल्या नाहीत, म्हणून ऑक्टोबर २०१८ मध्ये आयोगाने फी परतावा आणि मूळ प्रमाणपत्रे या दोन्ही विषयांवर सविस्तर अधिसूचना काढली. पदवी, पदव्युत्तर आणि संशोधनाच्या अभ्यासक्रमांसाठी ती विद्यापीठांना, त्यांच्याशी संलग्न महाविद्यालयांना आणि अभिमत विद्यापीठांना लागू आहे.

दाखल्यांबाबत तिचा अर्थ असा. प्रवेश अर्ज भरताना मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला वगैरे जमा करण्याची सक्ती संस्थेने करायची नाही. प्रवेशाच्या वेळी मूळ कागद विद्यार्थ्याच्या समोर तपासायचे, खात्री झाली की तेथल्या तेथे परत द्यायचे आणि दप्तरासाठी विद्यार्थ्याने स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती ठेवायच्या. कोणत्याही परिस्थितीत आणि कोणत्याही सबबीखाली मूळ कागद संस्थेच्या ताब्यात ठेवण्यास सक्त मनाई आहे. याचे कारणही आयोगाने स्पष्ट दिले आहे. ताब्यातील कागद हे जबरदस्तीचे साधन बनते आणि प्रवेश सोडू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची अडवणूक करण्यासाठी त्याचा वापर होतो.

येथे वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मनाई फक्त दाखले परत न देण्याला नाही, मुळात ते ठेवून घेण्यालाच आहे. म्हणून "फी पूर्ण झाल्यावर देऊ" हे उत्तर नियमात बसतच नाही.

आयोगाने ११ एप्रिल २०२३ रोजी विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणाचे नवे विनियम लागू केले. जो अभ्यासक्रम विद्यार्थी करू इच्छित नाही त्याची फी त्याच्याकडून वसूल करण्याच्या हेतूने प्रवेशासाठी दिलेली कागदपत्रे अडवून ठेवणे, ही गोष्ट त्यांत तक्रारीच्या व्याख्येतच घातलेली आहे. आमच्या मुलाच्या बाबतीत जे घडले ते या व्याख्येत जसेच्या तसे बसत होते.

मग हमीपत्राचे काय? आयोगाचा नियम संस्थेवर बंधनकारक आहे. विद्यार्थ्याच्या सहीने संस्था त्या बंधनातून सुटत नाही. हमीपत्रामुळे फार तर फीसंबंधी वाद उभा राहील आणि तो वाद पैशाचा असेल. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली इस्लामिक अकॅडमीच्या खटल्यात संस्थांना एका वेळी एकाच वर्षाची किंवा सत्राची फी घेण्यास सांगितले. एखादा विद्यार्थी मध्येच सोडून जाईल अशी धास्ती असेल तर संस्थेने फार तर बंधपत्र किंवा बँकेची हमी घ्यावी, असेही त्यात म्हटले होते. तेथेही न्यायालयाने सुचविले ते पैशाच्या सुरक्षिततेचे साधन होते, दाखले तारण ठेवण्याची मुभा दिलेली नव्हती.

तारण हा शब्द मुद्दामच वापरला. १८७२ च्या करार कायद्यात दुसऱ्याची वस्तू आपले येणे वसूल होईपर्यंत रोखून धरण्याचा सर्वसाधारण हक्क कोणाला आहे, याची कलम १७१ मध्ये मोजकी यादी आहे. बँकवाले, अडते, धक्क्यावर माल ठेवणारे, उच्च न्यायालयातील वकील आणि विमा दलाल एवढेच त्यात येतात. इतरांना असा हक्क हवा असेल तर स्पष्ट करार लागतो. आणि महाविद्यालयाने तसा करार लिहून घेतला, तर आयोगाने ज्याला मनाई केली आहे तेच कागदावर आणल्यासारखे होते.

महाविद्यालय काय ठेवू शकते

सगळेच हक्क विद्यार्थ्याचे आणि महाविद्यालयाचा काहीच हक्क नाही, असे आम्हाला म्हणायचे नाही. प्रवेश अर्ज, साक्षांकित प्रती, हमीपत्र आणि फीची नोंद ही महाविद्यालयाची स्वतःची दप्तरे आहेत, ती त्याच्याकडेच राहतील. ग्रंथालयाचे पुस्तक आणि ओळखपत्र ते परत मागू शकते आणि पुस्तक हरवले असेल तर त्याची किंमत अनामत रकमेतून वळती करू शकते. एखादा कागद बनावट असल्याचा संशय असेल तर कायद्यानुसार कारवाई करू शकते. मात्र तो संशय लेखी हवा, "चौकशी चालू आहे" अशा तोंडी उत्तराला अर्थ नाही.

पैशाचा हिशेब असा आहे. २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाची जी शेवटची तारीख जाहीर झालेली असते तिच्यापासून दिवस मोजायचे. समजा ती तारीख ३१ ऑगस्ट आहे आणि भरलेली फी २०,००० रुपये आहे. शेवटच्या तारखेच्या पंधरा किंवा अधिक दिवस आधी, म्हणजे १० ऑगस्टला, अर्ज दिला तर पूर्ण फी परत मिळते. त्यातून प्रक्रिया खर्च म्हणून जास्तीत जास्त पाच टक्के, म्हणजे १,००० रुपये, कापता येतात (मोठ्या फीला ही कपात ५,००० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही). २० ऑगस्टला अर्ज दिला तर नव्वद टक्के म्हणजे १८,००० रुपये मिळतात. शेवटच्या तारखेनंतरच्या पंधरा दिवसांत, उदाहरणार्थ १० सप्टेंबरला, दिला तर ऐंशी टक्के म्हणजे १६,००० रुपये. त्यानंतर तिसाव्या दिवसापर्यंत, उदाहरणार्थ २५ सप्टेंबरला, दिला तर निम्मे म्हणजे १०,००० रुपये. तीस दिवस उलटले की फी परत मिळत नाही. अनामत रक्कम या हिशेबात धरायची नसते, ती वेगळी परत करायची असते. परताव्याची रक्कम लेखी अर्ज मिळाल्यापासून पंधरा दिवसांत द्यायची आहे.

याशिवाय काही वर्षी आयोग त्या वर्षापुरता अधिक सवलतीचा निर्णय घेतो. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द केल्यास जास्तीत जास्त १,००० रुपये कपात, असा निर्णय होता. म्हणून ज्या वर्षी प्रवेश रद्द करायचा त्या वर्षाचे आयोगाचे परिपत्रक आधी पाहावे.

या हिशेबात सर्वांत महत्त्वाची ओळ शेवटची आहे. जेथे परतावा शून्य होतो तेथेही दाखले परत द्यावेच लागतात. फी गेली म्हणून दाखले जात नाहीत.

विद्यार्थी अभियांत्रिकीसारख्या तांत्रिक शिक्षण परिषदेच्या अखत्यारीतील महाविद्यालयातून बाहेर पडत असेल तर त्या परिषदेचा नियम पाहावा. तोही याच दिशेचा आहे. अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी प्रवेश सोडल्यास १,००० रुपयांपेक्षा जास्त कपात करायची नाही, मूळ दाखला ठेवून घ्यायचा नाही आणि पुढच्या वर्षांची फी मागायची नाही. अकरावी-बारावीची कनिष्ठ महाविद्यालये अनुदान आयोगाच्या कक्षेत येत नाहीत. वैद्यकीय प्रवेशांना बंधपत्राचे स्वतंत्र नियम असतात. त्या दोन्ही ठिकाणी हा लेख जसाच्या तसा लावू नये.

कागद कसे सुटले

आता हकीकतीकडे वळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोन स्वतंत्र अर्ज तयार केले, एक दाखल्यांसाठी आणि दुसरा फी परताव्यासाठी. एकाच अर्जात दोन्ही मागण्या घातल्या की कार्यालय तो अर्ज लेखा विभागाकडे पाठवते आणि दाखलेही तेथेच अडकून पडतात. दाखल्यांचा अर्ज पुढीलप्रमाणे होता. गरजूंनी तो उतरवून घ्यावा.

"मा. प्राचार्य यांस,
विषय: प्रवेश रद्द करून मूळ कागदपत्रे परत मिळणेबाबत.
महोदय, मी आपल्या महाविद्यालयात प्रथम वर्ष बी.एस्सी. या वर्गात अमुक तारखेस प्रवेश घेतला. मला दुसऱ्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्याने सदर प्रवेश आजच्या तारखेपासून रद्द करावा ही विनंती. प्रवेशाच्या वेळी मी खालील मूळ कागदपत्रे आपल्या कार्यालयात दिली आहेत. (येथे प्रत्येक कागदाचे नाव, क्रमांक आणि वर्ष.) विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार मूळ कागदपत्रे संस्थेच्या ताब्यात ठेवता येत नाहीत. तरी ती आजच परत मिळावीत. देता येत नसल्यास त्याचे कारण कृपया लेखी कळवावे. फी परताव्याबाबत स्वतंत्र अर्ज सादर केला आहे."

या अर्जातील "कारण कृपया लेखी कळवावे" हे वाक्य लहान दिसते, पण सर्वांत जास्त काम तेच करते. खिडकीवर तोंडी अडवणूक करणे सोपे असते. तीच गोष्ट सही-शिक्क्यानिशी लिहून देण्यास सहसा कोणी तयार होत नाही.

अर्जाच्या दोन प्रती नेल्या, एक द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यायचा. लिपिकांनी अर्ज घेण्यास नकार दिला. वाद न घालता आम्ही त्याच दिवशी तो अर्ज प्राचार्यांच्या अधिकृत ईमेलवर पाठवला आणि टपाल कार्यालयातून स्पीड पोस्टने रवाना करून पावती जपून ठेवली. प्रवेश रद्द केल्याची तारीख या पावतीने पक्की होते. परताव्याचे दिवस त्याच तारखेपासून मोजले जातात, म्हणून तोंडी चकरा मारण्यात घालवलेला प्रत्येक दिवस विद्यार्थ्याच्या नुकसानीचा ठरतो.

कागद दिल्याची पोच आमच्याकडे नव्हती, ही आमची कमकुवत बाजू होती. सुदैवाने मुलाने जुलैमध्ये प्रवेश अर्जाचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवले होते. त्यात कोणते मूळ कागद जमा झाले त्यावर लिपिकांनी केलेल्या खुणा दिसत होत्या. ते छायाचित्र अर्जाला जोडले.

दरम्यान मुलाला नव्या महाविद्यालयात पाठवले, कारण तेथील मुदत चुकली असती तर जुने दाखले मिळूनही उपयोग नव्हता. त्याने दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजीलॉकरमधून काढून दाखवल्या, इतर कागदांच्या प्रती दिल्या, जुन्या महाविद्यालयाला केलेल्या अर्जाची प्रत आणि टपालाची पावती जोडली आणि मूळ कागद आणून देण्यासाठी थोडी मुदत लेखी मागितली. ती मिळाली. सगळीकडे ती मिळेलच असे नाही, पण पावती हातात असलेला विद्यार्थी आणि रिकाम्या हाताने सबब सांगणारा विद्यार्थी यांत कोणतेही कार्यालय फरक करते.

तिसऱ्या दिवशी जुन्या महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे तक्रार दिली आणि तिच्या प्रती विद्यापीठाला व उच्च शिक्षण सहसंचालकांच्या विभागीय कार्यालयाला पाठवल्या. २०२३ च्या विनियमांनुसार अशी समिती प्रत्येक महाविद्यालयात असावी लागते. तिच्या अध्यक्ष किंवा सदस्यांपैकी किमान एक महिला आणि किमान एक जण अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील असला पाहिजे. तक्रार मिळाल्यापासून पंधरा कामकाजाच्या दिवसांत समितीने अहवाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते आणि लोकपालाने तीस दिवसांत निकाल द्यावा अशी तरतूद आहे. आयोगाच्या ई-समाधान या संगणकीय व्यवस्थेवरही तक्रार नोंदवता येते.

समितीच्या बैठकीपर्यंत गोष्ट गेलीच नाही. चौथ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावून घेतले. अधिसूचनेची छापील प्रत आम्ही पुढे ठेवली. ती त्यांना माहीत नव्हती असे नाही. चार कागद त्यांनी लगेच परत दिले, पाचवा मात्र राहिला.

सोडल्याच्या दाखल्याचा पेच

राहिलेला कागद होता कनिष्ठ महाविद्यालय सोडल्याचा दाखला, ज्याला सगळे एल.सी. म्हणतात. या कागदाची गोष्ट वेगळी आहे आणि बहुतेक प्रकरणे शेवटी याच्यावरच येऊन थांबतात. आपल्याकडे जुनी रीत अशी की नव्या संस्थेने हा दाखला दप्तरी लावायचा, विद्यार्थ्याचे नाव जनरल रजिस्टरला चढवायचे आणि विद्यार्थी सोडून गेला की स्वतःचा नवा दाखला द्यायचा. आयोगाने शाळा सोडल्याचा दाखलाही ठेवून न घेण्याच्या यादीत घातला आहे, तरी कार्यालये जुन्या रीतीनेच चालतात. कार्यालयाचे म्हणणे पडले की मूळ दाखला आता दप्तराचा भाग झाला आहे आणि नवा दाखला फी पूर्ण झाल्याशिवाय निघत नाही.

अशा वेळी विद्यार्थ्याने विचारावे, "माझे नाव रजिस्टरला चढले आहे का?" चढले नसेल तर मूळ दाखला जसाच्या तसा परत मिळाला पाहिजे. चढले असेल तर प्रवेश रद्द झाल्याचे कारण नमूद करून महाविद्यालयाने आपला दाखला द्यावा. दोन्हींपैकी एक कागद हातात पडलाच पाहिजे, नाहीतर विद्यार्थी ना जुन्या संस्थेचा राहतो ना नव्या संस्थेचा होतो. आमच्या प्रकरणात नाव चढलेले नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी मूळ दाखला परत मिळाला. त्यासोबत प्रवेश रद्द झाल्याचे पत्रही मागून घेतले. विद्यापीठाच्या नोंदीत एकाच विद्यार्थ्याचे दोन ठिकाणी प्रवेश दिसले तर पुढे हे पत्रच कामी येते.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. दाखला अडकला की काही हितचिंतक सल्ला देतात, "हरवला म्हणून पोलिसांत नोंद कर, प्रतिज्ञापत्र कर आणि शाळेतून दुसरी प्रत काढ." कागद कोठे आहे हे माहीत असताना तो हरवला असे शपथेवर सांगणे हा गुन्हा आहे. उद्या मूळ कागद त्याच महाविद्यालयातून बाहेर आला तर दोषी विद्यार्थी ठरतो आणि अडवणूक करणारे मोकळे राहतात. हा मार्ग कोणीही धरू नये.

शिष्यवृत्ती आणि जात वैधता प्रमाणपत्र

आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणखी दोन गाठी असतात. पहिली शिष्यवृत्तीची. जुन्या महाविद्यालयातून महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा किंवा फ्रीशिपचा अर्ज भरला असेल तर प्रवेश रद्द होताच तो अर्जही रद्द करावा आणि महाविद्यालयाला तसे लेखी कळवावे. तो अर्ज जुन्या नावावर तसाच राहिला तर नव्या महाविद्यालयातील अर्ज अडतो. काही कार्यालये म्हणतात, "तुझी फी समाजकल्याण खात्याकडून येणार होती, ती बुडाली, आता तू भर." हा पुन्हा पैशाचा वाद झाला. तो परताव्याच्या नियमानेच सोडवायचा आणि दाखल्यांशी त्याची गाठ बांधू द्यायची नाही.

दुसरी गाठ जात वैधता प्रमाणपत्राची. जिल्हा पडताळणी समितीकडून हे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखले शोधण्यापासून किती पायपीट होते हे आपल्या घराघरांत माहीत आहे. पुढे नोकरीपर्यंत ते लागत राहते. म्हणून ते तपासण्यासाठी जरूर दाखवावे, परंतु टेबलावर सोडून घरी येऊ नये.

सर्व करूनही कागद मिळाले नाहीत तर उच्च न्यायालयात रिट अर्ज करता येतो. खर्चाच्या भीतीने हा मार्ग सोडू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. १९९० साली झालेल्या दुरुस्तीने बौद्धांचाही अनुसूचित जातींच्या यादीत समावेश झाला आहे, म्हणून जातीचा दाखला यासाठी पुरेसा ठरतो. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात द्यावा. ग्राहक आयोगाकडे जाण्याचा सल्लाही पुष्कळ लोक देतात, पण शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याखाली येतात का यावरच तेथे वाद घातला जातो आणि वेळ जातो.

कधी कधी मुदत उद्या संपत असते आणि यांपैकी कशालाच वेळ नसतो. पैसे भरण्यावाचून गत्यंतर उरले नाही तर ते रोख देऊ नयेत, बँकेमार्फत भरावेत, पावती घ्यावी आणि त्याच दिवशी ईमेलने कळवावे की ही रक्कम मूळ कागद अडवल्यामुळे नाइलाजाने, हरकत नोंदवून भरली आहे. मग ती परत मागण्याचा मार्ग खुला राहतो. खुशीने भरलेली फी आणि अडवणुकीने भरलेली फी यांतील फरक नंतर केवळ त्या एका ईमेलनेच सिद्ध होतो.

आमच्या मुलाच्या फीचे काय झाले? प्रवेश ऑगस्टमध्येच रद्द झाल्याने त्या वर्षीच्या निर्णयाप्रमाणे पूर्ण १८,५०० रुपये परत मिळायला हवे होते. पंधरा दिवसांची मुदत उलटून ऑक्टोबरमध्ये खात्यावर १७,५०० रुपये जमा झाले. १,००० रुपये प्रक्रिया खर्च म्हणून कापले होते. ३० सप्टेंबरपूर्वी रद्द झालेल्या प्रवेशात ही कपात करता येत नाही, असे वडिलांनी स्वतः दोन ओळींचे पत्र लिहून कळवले. डिसेंबरमध्ये तेही एक हजार रुपये आले. उरलेले १३,५०० रुपये कधी भरावेच लागले नाहीत.

पुढच्या जूनमध्ये प्रवेशासाठी जाताना प्रत्येकाने मूळ कागदांसोबत साक्षांकित प्रतींचे दोन संच न्यावेत. लिपिकांनी मूळ कागद मागितले तर "सर, तपासून घ्या, मी थांबतो," असे नम्रपणे म्हणावे आणि ते घेऊनच बाहेर पडावे. ठेवूनच घेत असतील तर कागदांच्या यादीवर सही-शिक्का मागावा. तोही देत नसतील तर त्याच दिवशी, कोणते कागद कोणत्या तारखेला दिले हे लिहून महाविद्यालयाच्या ईमेलवर पाठवून ठेवावे. या कामाला पाच मिनिटे लागतात. ती त्या दिवशी दिली नाहीत म्हणून त्या मुलाला ऐन मुदतीत चार दिवस धावपळ करावी लागली.